बातमी शेपटाला

१९९९ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात विभू प्रकाश यांचा एक शोधनिबंध आला. त्याचं इंग्रजी शीर्षक मराठीत आणलं तर साधारण असं होईल: ‘राजस्थानातील भरतपूर येथील केवलादेव राष्ट्रीय उद्यानातील गिधाडांची स्थिती, जिप्स गटातील संख्या कोसळण्याच्या विशेष संदर्भासह’. भारतातली गिधाडं झपाट्याने संपत चालली आहेत हे आकड्यांनिशी मांडणाऱ्या अगदी सुरुवातीच्या लेखनांपैकी हे एक. पुढे गिधाडांवर ज्याने ज्याने लिहिलं त्याने याचा हवाला दिला. पण अनुक्रमणिकेवरून नजर फिरवणारा वाचक ‘गिधाडांची स्थिती’ इथवर येतो आणि ‘कुणीतरी पक्षी मोजलेले दिसतात’ असं म्हणून पान उलटतो. खरी बातमी, म्हणजे संख्या कोसळली ही, शीर्षकाच्या शेपटाला आहे. तीही ‘विशेष संदर्भासह’ या शब्दांच्या आडोशाला.

यात दोष लेखकाचा नाही, तो त्या काळच्या आणि आजच्याही रिवाजाचा आहे. आपल्याकडे पीएचडीच्या प्रबंधांची नावं बघा. ‘अमुक तालुक्याच्या विशेष संदर्भात’, ‘एक चिकित्सक अभ्यास’, ‘एक शोध’. अभ्यास केला हे प्रबंधाच्या मुखपृष्ठावर सांगावं लागत नाही. अभ्यास केल्याशिवाय प्रबंध होतो कसा? तरी ते शब्द येतात, कारण ते घातले की शीर्षक भारदस्त वाटतं आणि काही ठाम बोलण्याची जबाबदारी टळते.

शीर्षक बदलून लिहायला घेतलं की पहिल्यांदा निबंध मिटवून ठेवायचा आणि त्यातला निष्कर्ष बोली भाषेत एका वाक्यात सांगायचा. ऐकणारा समजूतदार असावा, पण त्या विषयातला नसावा. इथे ते वाक्य असं होईल: ‘भरतपूरच्या उद्यानात पूर्वी जिप्स गिधाडं शेकड्यांनी घरटी करायची, दहा-बारा वर्षांत ती जवळपास संपली, आणि झाडांवर मान टाकून बसलेली, मेलेली गिधाडं सापडताहेत.’ प्रकाश यांनी ऐंशीच्या दशकात याच उद्यानात शिकारी पक्ष्यांचा अभ्यास केला होता. तेव्हा पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या साडेतीनशेच्या आसपास जोड्या तिथे घरटी करत. नव्वदच्या दशकात ते परत मोजायला गेले, तेव्हा ही पडझड दिसली. म्हणजे तुलनेला जुने आकडे हाताशी होते, आणि निबंधाचं बळ नेमकं तिथे आहे. बोली वाक्यात हे सगळं आपसूक आलं. मूळ शीर्षकात त्यातलं जेमतेम अर्धं आहे.

आता या वाक्यातून शीर्षक काढू. पहिला मोह होतो तो असा: ‘भारतातून गिधाडे नाहीशी होत आहेत’. वाचणारा थबकेल हे नक्की. पण मोजणी एका उद्यानातली आहे, आणि एक उद्यान म्हणजे भारत नव्हे. पुढच्या पाहण्यांतून देशभर तीच गत असल्याचं दिसलं, हे खरं. पण शीर्षक हाताशी असलेल्या पुराव्यावर लिहायचं असतं, पुढे सापडणाऱ्या पुराव्यावर नव्हे. शिवाय ‘गिधाडे’ हा शब्दही इथे सैल आहे. राजगिधाड, इजिप्शियन गिधाड हीसुद्धा गिधाडंच, पण कोसळण्याची नोंद जिप्स गटाची होती. म्हणून ‘केवलादेव’ आणि ‘जिप्स’ हे दोन्ही शब्द, कितीही रुक्ष वाटले तरी, काढता येत नाहीत.

दुसरा मोह प्रश्नाचा: ‘भरतपूरची गिधाडे गेली कुठे?’ वर्तमानपत्रात हे शोभून दिसेल. पण ‘गेली कुठे’ म्हटल्यावर पक्षी दुसरीकडे उडून गेले असावेत असं वाचकाच्या मनात येतं, आणि निबंधात तर मेलेल्या पक्ष्यांच्या नोंदी आहेत. आकर्षक शीर्षकं बहुतेक वेळा अशीच फसतात. एकही शब्द खोटा नसतो, पण वाचकाच्या मनात उमटलेलं चित्र खोटं असतं. हे पकडायचा एक साधा मार्ग आहे. ज्याने निबंध वाचलेला नाही अशा माणसाला नुसतं शीर्षक दाखवायचं आणि विचारायचं, ‘आत काय असेल असं वाटतं?’ तो जे सांगेल ते निबंधातल्या तक्त्यांशी ताडून बघायचं. जिथे जुळत नाही तिथे शीर्षक बदलायचं. त्या माणसाला समजावून सांगत बसायचं नाही, कारण वाचकाशेजारी बसून समजावणारं कुणी नसतं.

तिसऱ्या खेपेला बातमी पुढे आणू आणि बाकीचं तिच्या मागे लावू: ‘केवलादेव राष्ट्रीय उद्यानात जिप्स गिधाडांची संख्या कोसळली: ऐंशीच्या दशकातील मोजणीशी तुलना’. मूळ शीर्षकातलं ठिकाण राहिलं, पक्ष्यांचा गट राहिला. ‘स्थिती’ आणि ‘विशेष संदर्भ’ गेले. नवीन आले ते दोन ऐवज: ‘कोसळली’ हे क्रियापद, आणि ही कोसळण कशाच्या मानाने मोजली हे सांगणारा शेवटचा तुकडा. भरतपूर आणि राजस्थान गाळले, कारण केवलादेव म्हटलं की पक्ष्यांच्या अभ्यासकाला ते कळतं. सामान्य वाचकांसाठी लिहायचं असेल तर उलट करावं, भरतपूर ठेवावं आणि केवलादेव सोडावं. लांबी फारशी घटलेली नाही, आणि घटवण्याची गरजही नाही. आखूड शीर्षकांचे निबंध जास्त उद्धृत होतात असं दाखवणारा एक अभ्यास २०१५ साली रॉयल सोसायटीच्या एका नियतकालिकात आला होता. पण कोणतं नियतकालिक कशा प्रकारची शीर्षकं छापतं याचाही त्या आकड्यांत हात असतो. शब्द मोजून कापत बसण्यापेक्षा कोणता शब्द काहीच काम करत नाही ते शोधावं.

उलट काही शब्द दिसायला निर्जीव असतात, पण त्यांच्यावर सगळं उभं असतं. वैद्यकीय चाचण्यांचे अहवाल कसे लिहावेत याचे कॉन्सॉर्ट नावाचे जागतिक संकेत आहेत. रुग्णांची विभागणी चिठ्ठी टाकल्यासारखी, यादृच्छिक पद्धतीने केली असेल तर ते शीर्षकातच सांगावं, असं त्यात स्पष्ट म्हटलेलं आहे. तो शब्द कुणाला मोहवणारा नाही. पण डॉक्टर निबंध शोधतो तो त्याच शब्दावरून, आणि निबंधावर किती विश्वास ठेवायचा हेही त्यावरूनच ठरवतो. शीर्षक सुंदर करण्याच्या नादात सर्वांत आधी बळी जातो तो अशा शब्दांचा.

पुन्हा गिधाडांकडे येऊ, कारण पुढच्या काही वर्षांत याच प्रश्नावर एकाहून एक वेगळ्या घाटाची शीर्षकं आली. २००३ साली ‘ॲनिमल कॉन्झर्व्हेशन’ या नियतकालिकात एक निबंध आला, त्याच्या लेखकांत विभू प्रकाशही होते. शीर्षकाचा अर्थ: ‘भारतीय गिधाडे: संसर्गजन्य रोगाच्या साथीची बळी?’ प्रश्नचिन्हासकट. वाचायला बोलावणारं शीर्षक असंच असतं. नाट्य आहे, बळी आहे, साथ आहे, आणि प्रश्नचिन्ह असल्याने प्रामाणिकपणाही राखलेला आहे. त्या वेळी हाताशी असलेल्या शवविच्छेदनांवरून आणि मरतुकीच्या पसरण्यावरून संशयाची सुई एखाद्या विषाणूकडे वळत होती, त्यामुळे लेखकांचा तर्क गैर म्हणता येत नाही. पण वर्षभरात खरा गुन्हेगार वेगळाच निघाला.

शीर्षकातल्या प्रश्नचिन्हाची खोड अशी की ते शंका नोंदवतं, पण संशयित एकच उभा करतं. वाचणाऱ्याच्या लक्षात ‘साथ’ राहते, तिच्यापुढची शंका विरून जाते. हेच शीर्षक असं लिहिता आलं असतं: ‘भारतातील गिधाडांचे मृत्यू: शवविच्छेदनातून संसर्गजन्य रोगाच्या बाजूने मिळालेले पुरावे’. थोडं नाट्य गेलं, हे मान्य. मिळालं काय, तर निबंधात प्रत्यक्ष काय आहे ते शीर्षकात आलं. आणि गंमत म्हणजे हे शीर्षक तर्क चुकल्यावरही खरं राहतं, कारण तसे पुरावे त्यांना दिसले होते, याला नंतरच्या शोधाने बाध येत नाही. प्रकाश यांच्या १९९९च्या निबंधातली ‘कोसळण’ही अशीच टिकली. कारण कुठलंही निघो, मोजलेला आकडा बदलत नाही. निरीक्षणावर बांधलेलं शीर्षक जुनं होतं, पण खोटं पडत नाही. स्पष्टीकरणावर बांधलेल्या शीर्षकाला ही हमी नसते. म्हणून स्पष्टीकरण शीर्षकात घालायचं तर त्यामागे प्रयोगाचं बळ हवं.

ते बळ होतं २००४ सालच्या ‘नेचर’मधल्या निबंधात. जे. लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांच्या त्या निबंधाचं शीर्षक म्हणतं: ‘पाकिस्तानातील गिधाडांच्या घटीचे कारण: डायक्लोफेनॅकचे अवशेष’. कारण, परिणाम आणि ठिकाण, तिन्ही गोष्टी एका ओळीत. ‘अभ्यास’ नाही, ‘संदर्भ’ नाही. एवढं ठाम बोलायचा अधिकार त्यांना कुठून आला? मेलेल्या गिधाडांच्या आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा, खडूसारखा थर साचलेला आढळत होता. मूत्रपिंड निकामी झाल्याची ही खूण. अशा पंचवीस गिधाडांची मूत्रपिंडं तपासली, तर पंचवीसही पक्ष्यांत डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक सापडलं. ज्यांच्यात हा थर नव्हता, जी दुसऱ्या कारणांनी मेली होती, अशा तेरांपैकी एकातही ते नव्हतं. मग गिधाडांना हे औषध थेट देऊन पाहिलं, आणि औषध टोचलेल्या जनावरांचं मांस खाऊ घालूनही पाहिलं. तीच लक्षणं, तोच मृत्यू. पंचवीसपैकी पंचवीस आणि तेरांपैकी शून्य, वर प्रयोगाची साक्ष: इतकं हाताशी असेल तर ‘कारण’ हा शब्द शीर्षकात घालायला हरकत नाही.

तरीही या शीर्षकात मला एक उणीव वाटते. सगळ्यात चकित करणारी गोष्ट त्यात नाही. गिधाडाला औषध कुणी दिलं? कुणीच नाही. लंगडणाऱ्या किंवा ताप आलेल्या गाई-म्हशीला ते टोचलं, जनावर मेलं, ते उकिरड्यावर किंवा गावाबाहेर टाकलं, आणि गिधाडांनी ते खाल्लं. ‘अवशेष’ या एका शब्दात हा सगळा प्रवास कोंबलेला आहे, आणि ज्याला विषय आधीच ठाऊक आहे त्यालाच तो उलगडतो. बातमीदाराच्या हाती हे दिलं तर तो लिहील: ‘वेदनाशामक औषधाने गिधाडांचा जीव घेतला’. यात औषधाचं नाव गेलं, गुरं गेली, आणि जगातलं प्रत्येक वेदनाशामक गुन्हेगार ठरलं. मी असं लिहून पाहीन: ‘मृत गुरांतील डायक्लोफेनॅकमुळे पाकिस्तानातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या संख्येत घट’. आता औषध कुठून आलं ते दिसतं, आणि कोणत्या गिधाडाची गोष्ट आहे तेही. जातीचं नाव मूळ शीर्षकात नव्हतं, पण शवविच्छेदनं आणि प्रयोग याच पक्ष्यावरचे होते. म्हणजे इथे रंजक होताना शीर्षक आणखी नेमकंही झालं, आणि समजलं जातं त्यापेक्षा असं जास्त वेळा होतं.

एक बारीक गोष्ट राहिली. निबंधाच्या सारांशात शेवटी लेखक म्हणतात की घटीला हे औषध जबाबदार आहे असं आम्ही सुचवतो. शीर्षकात मात्र ‘सुचवतो’ नाही. तिथे तेच कारण, दुसरं नाही, असा सूर आहे. त्याच वर्षी रिस ग्रीन आणि सहकाऱ्यांचा निबंध ‘जर्नल ऑफ अप्लाइड इकॉलॉजी’मध्ये आला. प्रदेश वाढला, पाकिस्तानऐवजी सगळा भारतीय उपखंड झाला, आणि दावा मात्र एक पायरी खाली आला: उपखंडातल्या घटीचं डायक्लोफेनॅक हे ‘एक कारण’. हा निबंध गणिताचा होता. गिधाडं ज्या वेगाने घटत होती त्या वेगाने घटण्यासाठी किती मेलेल्या जनावरांत हे औषध असावं लागेल, याचा त्यांनी हिशोब मांडला. उत्तर आलं: १३० ते ७६० जनावरांमागे एकातही पुरेसं. इतक्या थोड्या जनावरांतल्या औषधाने एवढी हानी! शीर्षकात यातलं काही नाही. मला विचाराल तर या निबंधाचं शीर्षक तिथेच दडलेलं होतं: ‘शेकडो मृत जनावरांत एकात डायक्लोफेनॅक असले तरी गिधाडांची घट होण्यास पुरेसे: भारतीय उपखंडासाठी गणिती प्रारूप’. ‘गणिती प्रारूप’ हे शब्द शेवटी ठेवायलाच हवेत. ते काढले की वाचक समजेल, जनावरं प्रत्यक्ष तपासून हा आकडा काढला. जनावरांच्या यकृतांचे नमुने तपासण्याचं काम वेगळं झालं.

२००६ साली ‘प्लॉस बायोलॉजी’त आलेला निबंध या सगळ्यात माझ्या मते सर्वांत चुकलेल्या शीर्षकाचा आहे, आणि गंमत अशी की ते रुक्ष मुळीच नाही. ‘अतिसंकटग्रस्त आशियाई गिधाडांना असलेला डायक्लोफेनॅकचा धोका दूर करताना’. छान वाटतं, उमेद देतं. पण आत काय आहे? मेलॉक्सिकॅम हे दुसरं औषध गिधाडांना देऊन पाहिलं, आधी आफ्रिकेतल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांना, मग आशियातल्या गिधाडांना, आणि त्यांना काही झालं नाही. शीर्षकात मेलॉक्सिकॅमचा उल्लेखच नाही! गुरांच्या डॉक्टरला डायक्लोफेनॅक सोडायला सांगितलं तर त्याचा पहिला प्रश्न असणार, ‘मग टोचू काय?’ त्याचं उत्तर निबंधात आहे, आणि त्याने ते शोधायला घेतलं तर शीर्षकावरून त्याला ते सापडणार नाही. ‘जिप्स गिधाडांवरील चाचण्यांत मेलॉक्सिकॅम सुरक्षित: गुरांसाठी डायक्लोफेनॅकला पर्याय’. एवढ्याने काम होतं. ‘चाचण्यांत’ हा शब्द आहे म्हणून ‘सुरक्षित’ म्हणता येतं. जितकं औषध गिधाडाच्या पोटात जाण्याची शक्यता होती तितक्या मात्रेपर्यंत ते तपासलं होतं, त्याहून मोठा दावा इथे नाही. त्याच वर्षी भारतात जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली.

शेवटचा नमुना अगदी अलीकडचा, आणि तो जीवशास्त्रज्ञांचा नाही, अर्थशास्त्रज्ञांचा आहे. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन यांचा निबंध २०२४ साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये आला. शीर्षक: ‘कीस्टोन प्रजाती कोसळण्याची सामाजिक किंमत: भारतातील गिधाडांच्या घटीतून मिळालेला पुरावा’. अर्थशास्त्राच्या नियतकालिकाला शोभेल असं, आधी सिद्धान्त, मग उदाहरण. आत जे आहे ते वाचून अंगावर काटा येतो. पूर्वी जिथे गिधाडांना पोषक परिस्थिती होती असे जिल्हे आणि जिथे नव्हती असे जिल्हे यांतल्या मृत्युदरांची त्यांनी तुलना केली. गिधाडं गेल्यानंतर पहिल्या गटात माणसांचा मृत्युदर चार टक्क्यांहून अधिक वाढलेला दिसला. कुजणारी मढी तशीच पडू लागली, पाणी खराब झालं, भटकी कुत्री वाढली, अशी त्यामागची कारणमीमांसा आहे. २००० ते २००५ या काळात मिळून सुमारे पाच लाख जादा मृत्यू, असा त्यांचा अंदाज.

वृत्तपत्रांनी अर्थातच पाच लाखांचा आकडा मथळ्यात घेतला. शोधनिबंधाच्या शीर्षकात तो घ्यावा का? मी घेणार नाही. तो मोजलेला आकडा नाही, तुलनेवरून काढलेला अंदाज आहे, आणि शीर्षकात त्याच्याभोवतीच्या अटी मावत नाहीत. पाच लाख म्हटलं की डोळ्यांसमोर मृतांची यादी येते, आणि अशी यादी कुणाकडेच नाही. तुलना मात्र शीर्षकात मावते: ‘गिधाडे घटल्यावर माणसांचे मृत्यू वाढले: भारतातील जिल्ह्यांची तुलना’. ‘घटल्यावर’ लिहिलं, ‘घटल्यामुळे’ नाही. लेखकांचा दावा ‘मुळे’चाच आहे, आणि तो त्यांनी बराच जपून बांधलेला आहे. तरी इथे कुणी गिधाडांना औषध देऊन पाहिलं तसा प्रयोग झालेला नाही, तसा तो करताही येणार नाही. म्हणून ‘मुळे’ची बाजू सारांशात मांडलेली बरी, तिथे तिला बसायला जागा आहे. आणि ‘कीस्टोन प्रजाती’? ज्या अर्थशास्त्रज्ञांसाठी निबंध लिहिला त्यांच्यासाठी तोच शब्द महत्त्वाचा, कारण त्यांना गिधाडात नव्हे तर एखादी जात गेल्याने समाजाला काय मोजावं लागतं यात रस आहे. त्यांच्या नियतकालिकात तो राहू द्यावा, आणि संपादक परवानगी देत असेल तर फक्त दोन तुकड्यांची अदलाबदल करावी, म्हणजे गिधाडं आधी येतील.